काँग्रॅट्स! पण नेमकं कशाबद्दल?

फॅमिली ग्रुपवर एमपीएससीचा निकाल येऊन धडकला की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार, हे आता आपल्याला पाठ झालंय. आधी टाळ्या, मग फुलांचे गुच्छ, मग पेढ्यांचे फोटो. त्यानंतर कुणीतरी विचारतं, ‘रँक कितवा?’ दुसरं कुणीतरी विचारतं, ‘पोस्ट कोणती?’ आणि तिसरं कुणीतरी, बहुतेक एखादे काकाच, लिहितात, ‘घरातल्या बाकीच्या मुलांनी आदर्श घ्यावा.’ झालं! अभिनंदन संपलं आणि तुलना सुरू झाली. ज्या बाकीच्या मुलांना उद्देशून ते वाक्य लिहिलेलं असतं, तीही त्याच ग्रुपवर असतात. ब्ल्यू टिक दिसते, उत्तर येत नाही.

माझी मावसबहीण यंदा राज्यसेवा पास झाली. मौद्याची आहे ती. नागपूरहून भंडारा रोडनं निघालात की साधारण तासाभरात कन्हान नदी लागते आणि लांबून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात, तेच मौदा. बाकी सगळी धानाची शेती. घर एकत्र आहे. मावशी-काकाजी, मोठेबाबा, मोठी आई, आजी. आणि त्याच घरात मोठेबाबांचा मुलगा, म्हणजे तिचा चुलतभाऊ, तोही हीच परीक्षा देतोय. तो या वेळी पूर्वपरीक्षेतच थांबला. दोघांनी एकाच टेबलावर, एकाच लक्ष्मीकांतच्या पुस्तकावर दोन रंगांच्या पेनांनी खुणा करून अभ्यास केला होता.

आता सांगा, अशा घरात जाऊन अभिनंदन कसं करायचं?

तिचा रँक आणि पोस्ट मी इथे मुद्दाम लिहिणार नाहीये. लाजण्यासारखं काही नाही, दोन्ही मस्त आहेत. पण ते दोन आकडे बाजूला ठेवूनही अभिनंदन करता येतं का, हेच आज बघायचंय. येतं. फक्त त्यासाठी तिनं नेमकं काय केलंय हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि इथेच आपली गाडी अडते, कारण घरातल्या बहुतेकांना ‘पास झाली’ याच्या पलीकडे काहीच ठाऊक नसतं. मग बोलायला उरतं काय? रँक, पोस्ट, पगार आणि शेजारचा मुलगा.

तर आधी जरा या परीक्षेचं गणित बघू. घाबरू नका, सोपं आहे.

तिची बॅच २०२४ ची. त्या परीक्षेची जाहिरात आली डिसेंबर २०२३ मध्ये. पूर्वपरीक्षा होणार होती २८ एप्रिल २०२४ ला. मग आरक्षणाच्या नव्या कायद्यामुळे जाहिरात सुधारावी लागली आणि तारीख पुढे गेली. ती आणखी सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकांच्या आयबीपीएसची परीक्षा होती. हजारो मुलांनी दोन्ही फॉर्म भरलेले. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलली गेली. शेवटी पेपर झाला १ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे जाहिरातीपासून जवळजवळ एक वर्षानं फक्त पहिली पायरी! मुख्य परीक्षा मे २०२५ मध्ये. त्यानंतर मुलाखती आणि मग यादी.

तुम्ही कधी एखादं प्रेझेंटेशन तयार केलंय, आणि आदल्या दिवशी बॉसनं सांगितलंय का, की मीटिंग पुढच्या महिन्यात? तो महिना आरामात जात नाही. पाठ केलेलं विसरायला होतं, चालू घडामोडी शिळ्या होतात, परत पहिल्यापासून सुरुवात. तिच्या बाबतीत हे एका वर्षात पुन्हा पुन्हा झालं. ऑगस्टमध्ये पेपर रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा ती नागपूरच्या अभ्यासिकेतून एसटीनं मौद्याला परत येत होती. घरी आली, जेवली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकावर नवा कागद चिकटवला. मावशी सांगत होती, ‘काही बोलली नाही जी पोट्टी. फक्त डिंक मागितला.’

आता मला सांगा, अभिनंदन करण्यासारखी गोष्ट रँक आहे की तो डिंक?

बरं, रँकचं काय असतं तेही बघू, कारण सगळी तुलना त्याच आकड्यावर उभी असते. २०२४ च्या बॅचपर्यंत मुख्य परीक्षा ८०० गुणांची होती. सहा पेपर. त्यातला भाषेचा एक लेखी, बाकीचे पर्याय निवडायचे. वर मुलाखतीचे १००. एकूण ९००. पूर्वपरीक्षेचे गुण यात धरतच नाहीत, ती फक्त चाळणी. पर्यायी प्रश्न चुकला की त्या प्रश्नाच्या गुणाचा पाव भाग कापला जातो. म्हणून इथे निकाल पूर्ण आकड्यांत नसतो, पाव-अर्ध्या गुणांत असतो. दोन पर्यायांत अडकून एक प्रश्न ठोकून दिला, बरोबर आला तर एक गुण, चुकला तर पाव गुण वजा. म्हणजे सव्वा गुणाचा फरक फक्त एका गोळ्यात. आणि यादीत सव्वा गुणाच्या अंतरात कितीतरी माणसं उभी असतात.

त्यातून पुढची गंमत म्हणजे आन्सर की. पेपर झाल्यावर आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो. मुलं पुस्तकांचे पुरावे जोडून हरकती घेतात. मग अंतिम उत्तरतालिका येते. त्यात एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदललेलं असतं, एखादा प्रश्न रद्दच झालेला असतो. काल बरोबर असलेलं आज चूक. आता या चढउतारात जो पुढे गेला तो ‘हुशार’ आणि जो मागे पडला तो ‘कमी पडला’, असं म्हणायचं का? अभ्यास लागतोच, त्याबद्दल वादच नाही. अभ्यासाशिवाय कुणी त्या रेषेच्या जवळपासही पोचत नाही. पण रेषेच्या जवळ पोचल्यावर अलीकडे राहणार की पलीकडे जाणार, हे फक्त अभ्यासावर ठरत नाही.

आणि ती रेषा कोण काढतं? जागांचा आकडा. २०२४ च्या परीक्षेची पहिली जाहिरात सगळ्या सेवा मिळून २७४ जागांची होती. सुधारित जाहिरात आली तेव्हा जागा झाल्या ५२४. जवळजवळ दुप्पट! मुलं तीच, पुस्तकं तीच, कष्ट तेच. पण सरकारी खात्यांनी जास्त रिकामी पदं कळवली म्हणून रेषा खाली सरकली. दुसऱ्या वर्षी कमी पदं कळवली की तीच रेषा वर जाते. म्हणजे एखाद्या वर्षी निवड झालेला मुलगा त्याच गुणांवर दुसऱ्या वर्षी बाहेर राहिला असता. म्हणून मोठेबाबांच्या मुलाला ‘ती झाली, तू काहून नाही झाला?’ असं विचारणं हा नुसता दुष्टपणा नाही. हिशेबाच्या दृष्टीनंही तो प्रश्न चूक आहे.

(जाता जाता एक सांगते. ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणणारे एकमेकांना भेटले की आता त्यांचाही गोंधळ होणार आहे. २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा पूर्ण लेखी झाली. नऊ पेपर, १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. हा बदल आधी २०२३ पासून होणार होता, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात आंदोलन झालं आणि तो पुढे ढकलला गेला. तेव्हा माझी बहीण आणि दोन वर्षांनी पास होणारं तुमच्या घरातलं कुणी, यांची परीक्षा नावानं एक असली तरी प्रत्यक्षात वेगळी आहे. तुलना करायची हौस असेल तर तीसुद्धा करता येणार नाही!)

आता दुसरा प्रश्न. अभिनंदन कधी करायचं?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? निकाल लागला की करायचं. पण ‘निकाल’ म्हणजे कुठला? राज्यसेवेत निकाल एकदा लागत नाही. पूर्वपरीक्षेचा लागतो, मुख्यचा लागतो, मुलाखती झाल्यावर सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागते. या यादीत नाव आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. त्यानंतर उमेदवारानं पदांचा पसंतीक्रम भरायचा असतो. कुणाला ती पोस्ट नकोच असेल, तर बाहेर पडण्याचा पर्याय असतो. त्याला ‘ऑप्टिंग आउट’ म्हणतात. हा पर्याय का लागतो? कारण एकच मुलगा लागोपाठच्या वर्षांच्या यादीत असू शकतो. राज्यसेवा २०२० आणि २०२१ या दोन्ही परीक्षांत सांगलीचे प्रमोद चौगुले पहिले आले होते. असा उमेदवार एका वेळी एकाच खुर्चीत बसणार ना? तो बाजूला झाला की खालच्याला जागा मिळते. म्हणजे पहिली यादी आणि शेवटची यादी यांत नावं आणि पोस्ट वरखाली होतात.

मग आयोग शासनाकडे शिफारस पाठवतो. हा शब्द लक्षात ठेवा. आयोग शिफारस करतो, नेमणूक शासन करतं. मधे कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी. आणि मग नियुक्तीचा आदेश.

या मधल्या काळात काय होऊ शकतं, ते २०१९ च्या बॅचला विचारा. त्यांचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. ४१३ जणांची निवड झाली. गावोगावी मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाच्या कायद्याला स्थगिती दिली आणि नियुक्त्या अडकल्या. मे २०२१ मध्ये तो कायदा रद्द झाला, त्यानंतर निकालच सुधारावा लागला. निवड झालेली मुलं वर्षभराहून जास्त काळ घरी बसून होती. हातात काहीच नाही आणि गावात सगळे ‘साहेब’ म्हणतायत. बाहेर निघालं की एकच प्रश्न, ‘जॉइन कधी होता?’ विचार करा, त्या हारांचं ओझं किती झालं असेल.

म्हणून माझ्या मते अभिनंदन लगेच करावं, पण जे झालंय त्याचंच करावं. गुणवत्ता यादीत नाव आलंय ना? मग ‘यादीत नाव बघून फार आनंद झाला’ एवढं म्हणा. ‘आता तू साहेब झालीस, आमची कामं तुझ्याकडेच’ हे आत्ता नको. (खरं तर नंतरही नको!) मौद्यात चौकात फ्लेक्स लावायची टूम निघाली होती. फोटो, खाली सोळा शुभेच्छुकांची नावं आणि वर पदाचं नाव ठळक. बहिणीनं काकाजींना एवढंच सांगितलं, ‘बाबा, पसंतीक्रम अजून भरायचा आहे. फ्लेक्सवर जे छापाल ते मला मिळालं नाही तर?’ काकाजींनी फ्लेक्सवाल्याला फोन करून थांबवलं. तो म्हणाला, ‘डिझाइन झालं ना जी आता.’ पण थांबला बिचारा.

या काळात तिला हारापेक्षा उपयोगी काय पडलं, तेही सांगते. तिच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि पदवीवर दुसरं. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला कुठल्या तारखेपर्यंत चालतो, जात वैधता प्रमाणपत्राची मूळ प्रत कुठल्या फाइलमध्ये आहे, डोमिसाइल कुणाच्या कपाटात. निवड होऊनही या कागदांपायी माणसं हेलपाटे घालतात. मोठी आई एका दुपारी सगळ्या घराची कपाटं उपसून बसली आणि कागद शोधून दिले. चुलतभावानं त्यांचे तीन-तीन सेट काढले, साक्षांकित करून आणले, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमानं लावले. हो, तोच चुलतभाऊ. त्याला क्रम पाठ होता, कारण स्वतःसाठी त्यानं तो कधीच पाठ करून ठेवलाय. त्यानं तोंडानं ‘अभिनंदन’ म्हटलं की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

आता तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. वाक्य कसं बोलायचं?

बहिणीला मी फोनवर विचारलं होतं, लोक काय काय म्हणतात गं? ती म्हणाली, ‘ताई, घरी येणारे एक मिनिट माझ्याशी बोलतात आणि दुसऱ्या मिनिटाला दादाकडे वळतात. त्याच्याशी जे बोलतात ना, ते ऐकताना मला माझा पेढा गिळत नाही.’ एक पाहुणे म्हणे तिच्या हातात पाकीट ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘पाय बापू, पोट्टी पुढं निघून गेली तुयाच्या.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटलं आपण पोराला जोर देतोय. पण एका वाक्यात दोघांचाही दिवस खराब. त्याला हरल्यासारखं वाटलं आणि तिला चोरी केल्यासारखं.

तुलना दरवेळी अशी उघड नसते. कधी कधी ती कौतुकाचा ड्रेस घालून येते. ‘आपल्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी केलं’ या वाक्यात तीस वर्षं शेती करून दोन मुलांना शिकवणारे मोठेबाबा कुठे गेले? ‘मुलगी असून केलंस’ यात तर बोलायलाच नको. ‘मला वाटलंच नव्हतं तुझं होईल’ ही तिच्याच कालच्या रूपाशी तुलना. आणि आपल्यासारख्या नोकरीवाल्यांचं लाडकं वाक्य, ‘तुमचं बरंय बाबा, आम्ही बसलोय प्रायव्हेटमध्ये लॅपटॉप बडवत.’ ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात विषय तिच्यावरून आपल्यावर आलेला असतो. आता तिनं काय करायचं? आनंद साजरा करायचा की तुमच्या अप्रेझलचं सांत्वन करायचं?

यावर एक सोपी टेस्ट आहे. मेसेज लिहून झाला की पाठवण्याआधी त्यातून तिच्याशिवायची सगळी माणसं काढून टाका. शेजारी, चुलतभाऊ, घराणं, गाव, आणि तुम्ही स्वतःसुद्धा. मग बघा काय उरतं. काहीच उरलं नाही तर तो मेसेज तिच्याबद्दल नव्हताच. उदाहरणार्थ, ‘एवढ्या मुलांमधून तू पुढे आलीस, आमच्या सगळ्यांची मान उंच केलीस, बाकीच्यांनी शिकावं तुझ्याकडून.’ यातली मुलं काढा, आम्ही सगळे काढा, बाकीचे काढा. उरलं काय? ‘तू आलीस.’ बस्स!

आता हे बघा. ‘ऑगस्टमध्ये पेपर रद्द झाला तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्यासिकेत गेलीस. त्याचं मला फार कौतुक वाटतं.’ यातून कुणालाही काढायची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे हे वाक्य चुलतभाऊ बाजूला बसलेला असतानाही बोलता येतं. कारण दुसऱ्या दिवशी तोही गेला होता.

मग त्याच्याशी काय बोलायचं? माझं मत आहे, त्या दिवशी परीक्षेबद्दल काहीच नाही. ‘पुढच्या वेळी तुझं नक्की’ हेसुद्धा नको. पुढच्या वेळी जागा किती निघणार हे तुम्हाला माहीत आहे का? मग नक्की कसं म्हणता? शिवाय तो अजून देणार आहे की थांबणार आहे, हे त्यानं ठरवायचंय, आणि तिच्या पेढ्यांच्या दिवशी तर नक्कीच नाही. त्याच्याशी मॅचबद्दल बोला, धानाला या वर्षी भाव काय मिळाला ते विचारा, गाडीची सर्व्हिसिंग झाली का विचारा. तो तुमच्या ओळखीचा होता तो परीक्षेच्या आधीपासून. आणि मनात खरंच त्याच्यासाठी काही असेल, तर आठ दिवसांनी स्वतंत्र फोन करा. त्या फोनमध्ये तिचं नाव नको.

भेटवस्तूचं म्हणाल तर आजीनं सगळ्यांवर मात केली. निवड झालेल्यांना पुढे प्रशिक्षण असतं. कधी पुण्याची यशदा, कधी नागपूरची वनामती, कधी एखाद्या जिल्ह्यात प्रत्यक्ष काम शिकायला. थोडक्यात, बॅग कायम भरलेली. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, ‘बाहेरगावी राहावं लागन ना तुले?’ आणि आपल्या पैशातून चाकांची एक चांगली सूटकेस मागवली. रँक विचारलाच नाही. तिच्या लेखी नात जाणार आहे, एवढीच बातमी होती.

तर आता माझं अभिनंदन. ग्रुपवर टाकलं नाही, तिला वेगळं पाठवलं. तिच्या परवानगीनं इथे छापतेय.

‘पोट्टे, यादीत तुझं नाव वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं आणि दिसेना. तारखा बदलल्या तेव्हा तू चिडलीस, पण थांबली नाहीस. मुलाखतीच्या आधी तू मला विचारलं होतंस, “ताई, मौद्याबद्दल विचारलं तर काय सांगू?” आणि मग तूच सांगितलंस, धानापासून वीज केंद्राच्या राखेपर्यंत, पाऊण तास, श्वास न घेता. तेव्हाच मला कळलं होतं, की तू परीक्षेसाठी नुसतं पाठ करत नव्हतीस, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याबद्दल तुझं अभिनंदन. पसंतीक्रम भरताना शांतपणे भर, कुणाला विचारायचं असेल तर विचार, नसेल तर नको. कागदपत्रांसाठी नागपुरात कुठल्या ऑफिसात जायचं असेल तर सांग, मी सोबत येते. आणि आदेश हातात येईपर्यंत कुणी “जॉइन कधी?” विचारलं तर माझा नंबर दे. मी बोलते त्यांच्याशी.’

तिचं उत्तर आलं, ‘ये शनिवारी. दादा आणि मी वडाभात करतोय. निकालाबद्दल बोलायचं नाही अशी अट आहे.’

आपल्याला मान्य आहे!